मागचं जरा मागे सारताना

फोटोतल्या माणसाकडे नजर जावी म्हणून सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात लवकर पकडला जाणारा उपाय म्हणजे व्हिनेट. कोपरे काळे, मध्यभाग उजळ. २०१० साली इन्स्टाग्राम आलं तेव्हा त्यातल्या काही फिल्टरांमध्ये हे काळे कोपरे आयतेच मिळायचे, आणि लग्नाच्या अल्बमपासून नेत्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत ते सगळीकडे पसरले. आज असा फोटो पाहिला की आधी कोपरे दिसतात आणि मग माणूस. म्हणजे हेतूच्या बरोब्बर उलट.

खरं तर काळे कोपरे हा मुळात भिंगाचा दोष. भिंगात तिरका शिरणारा प्रकाश सरळ येणाऱ्या प्रकाशापेक्षा कमी पोचतो, म्हणून फोटोच्या कडा जरा अंधाऱ्या येतात. हा दोष काढायला सॉफ्टवेअरवाल्यांनी एक स्लायडर दिला, आणि तोच उलट्या बाजूला ओढला की दोष मुद्दाम वाढवता येतो. या स्लायडरला चौकटीचे कोपरे कुठे आहेत एवढंच कळतं. माणूस कुठे बसलाय, उजेड कुठून येतोय, मागे काय खुपतंय याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे जिथे काळोख हवा तिथे तो नसतो आणि नको तिथे असतो.

हे एका फोटोवरच पाहू. समजा, कोकणातल्या एका घराच्या ओसरीवर आजी बसल्या आहेत. पंचाहत्तरी आहे, घरच्यांना मोठा फोटो करून भिंतीवर लावायचा आहे. दुपारी चारच्या सुमाराची वेळ. फोटो काढणारा ओसरीच्या लांबीच्या दिशेने बघत उभा आहे, त्यामुळे डाव्या हाताला उघडं अंगण आणि उजव्या हाताला माजघराचं सागवानी दार. आजींचे केस पांढरेशुभ्र, नऊवारी गडद जांभळी. मागे ओसरीच्या टोकाला चुन्याची भिंत, तिच्यावर बँकेचं कॅलेंडर. डावीकडे अंगणात उन्हाचा मोठा पट्टा आणि पाण्याचा निळा ड्रम. चेहरा सुंदर आला आहे, पण पहिल्यांदा नजर जाते ड्रमाकडे, मग उन्हाकडे, मग कॅलेंडरकडे. आजी चौथ्या.

आता या फोटोला साधं व्हिनेट लावलं तर काय होईल? उजवा कोपरा, जिथे आधीच गडद दार आहे, तो डांबरासारखा काळा होईल आणि दाराच्या लाकडाचे रेषे नाहीसे होतील. डावा वरचा कोपरा थोडा मंदावेल, पण उन्हाचा पट्टा आजींच्या कानाजवळ, म्हणजे जवळजवळ चौकटीच्या मधल्या उंचीवर आहे, तो तसाच तळपत राहील. कॅलेंडर मध्याच्या आसपास असल्यामुळे त्याला तर धक्काही लागणार नाही.

म्हणून पहिली पायरी स्लायडरची नाही, बघण्याची आहे. डोळे बारीक करून फोटो पाहायचा, किंवा तो तात्पुरता कृष्णधवल करायचा. रंग गेले की कळतं, मागच्या कोणत्या जागा चेहऱ्याइतक्या किंवा चेहऱ्यापेक्षा उजळ आहेत. आपली नजर उजळ, स्पष्ट रेषांच्या आणि भडक रंगाच्या जागांकडे आधी धावते. आजींच्या फोटोत कृष्णधवल केल्यावर ड्रम शांत होतो; म्हणजे त्याचं भांडण उजेडाचं नाही, रंगाचं आहे. त्याला काळा करण्यात अर्थ नाही, त्याच्या निळ्याची धार कमी करायला हवी. कॅलेंडर मात्र कृष्णधवलमध्येही पांढरं फटक दिसतं. त्याचा उजेडच उतरवावा लागेल. एकच उपाय दोघांना लावला की एक तरी बिघडतो.

चित्रकारांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत सल्ला आहे की आकृतीची उजळ बाजू गडद पार्श्वभूमीवर ठेवावी आणि अंधारी बाजू उजळ पार्श्वभूमीवर. आजींच्या फोटोत नेमकं उलटं झालं आहे. अंगणातून येणारा उजेड त्यांच्या डाव्या दिसणाऱ्या गालावर आणि पांढऱ्या केसांवर पडतो, आणि त्याच बाजूला मागे उन्हाचा पट्टा आहे, उजळावर उजळ. उजवीकडे चेहऱ्याची सावलीची बाजू आणि जांभळी नऊवारी, आणि मागे गडद दार, अंधारावर अंधार. हे कळलं की काम अर्ध्यावर येतं. डावीकडे मागचं खाली आणायचं, उजवीकडे हातच लावायचा नाही, फार तर दार कणभर उजळायचं. ‘पार्श्वभूमी गडद करा’ हा सल्ला ऐकून सगळीकडे सारखाच काळोख ओतणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही की गडद कपड्यातला माणूस त्यात बुडून जातो.

किती खाली आणायचं? एक्स्पोजरचा आकडा एकने कमी केला की उजेड निम्मा होतो. अर्ध्याने कमी केला की सुमारे सत्तर टक्के उरतो, आणि ०.३ ने कमी केला की साधारण ऐंशी टक्के. ऐकायला हे फरक लहान वाटतात, पण शेजारच्या जागेच्या तुलनेत डोळा ते नीट टिपतो. माझ्या मते पार्श्वभूमीवरचा एकूण उतार पाऊण स्टॉपच्या पुढे गेला की बघणाऱ्याला शंका यायला लागते, आणि एक स्टॉपला बहुतेक फोटो पकडले जातात. अपवाद असतात. मुळातच काळोख्या खोलीत खिडकीशी बसलेला माणूस असेल तर दीड स्टॉपही पचतो, कारण तिथे अंधाराला कारण आहे.

हे कारण महत्त्वाचं. आजींच्या फोटोत ऊन डावीकडून येतंय हे चेहरा सांगतो. त्यामुळे अंगण कितीही खाली आणलं तरी ते मागच्या चुन्याच्या भिंतीपेक्षा उजळच राहिलं पाहिजे. ते भिंतीपेक्षा गडद झालं तर बघणाऱ्याला नाव सांगता येणार नाही, पण फोटो खोटा वाटेल: गालावर ऊन, आणि ज्या अंगणातून ते आलं तिथे मात्र संध्याकाळ.

आता प्रत्यक्ष काम. मी लाइटरूममधल्या पट्ट्यांची नावं घेतो, पण डार्कटेबल किंवा गिंपमध्ये हेच वेगळ्या नावांनी होतं. सुरुवात खुपणाऱ्या जागांपासून. ड्रमावर ब्रशने मास्क करून सॅच्युरेशन ४० ने कमी, एक्स्पोजर ०.२ ने कमी. ड्रम दिसतो, पण ओरडत नाही. कॅलेंडरवर तसंच, फक्त तिथे हायलाइट्स ५० ने खाली. तारखांच्या काळ्या आकड्यांचा कागदाशी असलेला विरोधही नजर ओढतो, म्हणून कॉन्ट्रास्टही थोडा कमी. बऱ्याचदा एवढ्यावरच फोटो निम्मा सुधारतो आणि पुढची पार्श्वभूमीची सगळी खटपट हलक्या हाताने भागते.

मग अंगण. डाव्या कडेपासून आत येणारा सरळ ग्रेडियंट, आजींच्या खांद्यापाशी शून्य होणारा. एक्स्पोजर ०.४ ने कमी, हायलाइट्स ४० ने कमी. इथे एक मर्यादा आहे, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरने ओलांडता येत नाही. उन्हाचा पट्टा फोटो काढतानाच पूर्ण पांढरा झाला असेल, म्हणजे तिथे मातीचा कण किंवा सावलीची रेघही नोंदली गेली नसेल, तर एक्स्पोजर कमी केल्यावर तिथे माती परत येत नाही. सपाट, गढूळ करडा डाग मिळतो, आणि करडं ऊन जगात कुठे नसतं. अशा वेळी पट्टा पांढराच सोडून चौकट डावीकडून थोडी कापलेली बरी. फोटो काढतानाच एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने कमी ठेवून रॉ फाइल घेतली असती तर हा प्रश्न आला नसता. चेहरा नंतर उजळता येतो, जळलेलं ऊन सावरता येत नाही.

यानंतर एक मोठा, सैल लंबवर्तुळ मास्क, उलटा केलेला, म्हणजे परिणाम बाहेरच्या भागावर. याचा मध्य चौकटीच्या मध्यावर ठेवायचा नाही. आजी उजवीकडच्या तिसऱ्या भागात बसल्या आहेत, तर मध्य त्यांच्या छातीच्या वरच्या भागावर, आणि आकार इतका मोठा की खाली आणि उजवीकडे त्याची कड चौकटीच्या बाहेरच जाईल. फेदर ८० ते १००. एक्स्पोजर ०.२५ ने कमी. व्हिनेटचा हाच धागा आहे, पण कोपऱ्यांना न बांधलेला, आणि उजवीकडचं दार त्यातून जवळजवळ सुटतं.

फेदर इतका मोठा का, याचं उत्तर डोळ्यात आहे. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने १८६५ मध्ये दाखवून दिलं की उजेडाचा उतार जिथे अचानक सुरू होतो किंवा अचानक थांबतो तिथे आपल्याला नसलेले पट्टे दिसतात: गडद बाजूला जास्त गडद, उजळ बाजूला जास्त उजळ. म्हणजे डोळा अंधारापेक्षा उताराचं वळण पकडतो. दहा टक्के काळोख छोट्या पट्ट्यात आणला तर त्याची कड दिसते. तीस टक्के काळोख अर्ध्या चौकटीवर पसरवला तर कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून एकच जोरदार मास्क लावण्याऐवजी वेगवेगळ्या आकारांचे दोन-तीन हलके मास्क एकमेकांवर टाकायचे. प्रत्येकाची कड वेगळ्या जागी संपते, त्यामुळे एकही कड ठळक होत नाही. डार्करूमच्या काळातही हेच चालायचं. अॅन्सेल अॅडम्स प्रिंट करताना कडांना जरा जास्त प्रकाश द्यायचा, म्हणजे कडा किंचित गडद व्हायच्या. पण पुठ्ठा हातात सतत हलता ठेवून, म्हणजे कुठेच रेघ उमटू नये.

आणि आता सगळ्यात अवघड जागा: आजींचे केस. सॉफ्टवेअर माणूस स्वतः ओळखून त्याच्या कडेने मास्क करून देतं, आणि उरलेली पार्श्वभूमी एका क्लिकमध्ये निवडता येते. मोह होतो की तिथेच एक्स्पोजर ०.८ ने कमी करावं आणि मोकळं व्हावं. साडीच्या कडेला, दंडाला, हे चालूनही जातं. पण पांढरे, सुटे, वाऱ्याने विस्कटलेले केस कुठे संपतात आणि उन्हाचा पट्टा कुठे सुरू होतो हे मास्कला नीट कळत नाही. केसांमधल्या फटींतून दिसणारं अंगण उजळच राहतं आणि डोक्याभोवती बोटभर उजेडाचं कडं तयार होतं. देवादिकांच्या तसबिरीत ते शोभतं. आजींच्या फोटोत ते ‘कापून चिकटवलंय’ असं सांगतं.

यावर माझा नियम असा: जास्तीत जास्त काळोख सैल मास्कांवर टाकायचा आणि काटेकोर मास्कावर कमीत कमी. सैल ग्रेडियंट केसांवर थोडा सांडला तर काही बिघडत नाही, केसही मागच्या उजेडाबरोबर हळूच उतरतात आणि सगळं एकाच हवेतलं वाटतं. काटेकोर मास्कची चूक मात्र त्याच्या जोराच्या प्रमाणात दिसते. ०.८ ने कमी केलेल्या मास्कची केसांतली चूक ठळक कडं बनते, ०.२ वाल्या मास्कची तीच चूक नजरेला सापडत नाही. म्हणून पार्श्वभूमीच्या काटेकोर मास्कवर एक्स्पोजर फक्त ०.२ ने कमी ठेवायचं. तरीही कडं दिसलं तर मोठ्या मऊ ब्रशने, फ्लो वीस-तीसवर ठेवून, केसांच्या भोवती मास्क थोडा वाढवायचा, अगदी केसांच्या आतपर्यंत. केसांची टोकं जरा गडद झालेली परवडतात. उजेडाचं कडं नाही परवडत.

सौम्य करण्याचं काम याच काटेकोर मास्कवर होतं. इथे बहुतेकांच्या डोक्यात ब्लर येतो, आणि मला वाटतं तिथेच सगळ्यात जास्त फोटो वाया जातात. भिंगाने होणारा धूसरपणा अंतरावर अवलंबून असतो. आजींच्या पायांखालची सारवलेली जमीन त्यांच्याच अंतरावर आहे, ती स्पष्टच असणार. दोन हात मागची जमीन जरा मऊ, टोकाची भिंत त्याहून मऊ. पार्श्वभूमीला सरसकट ब्लर लावला की आजींच्या टाचेला लागून असलेली जमीनही विरघळते आणि त्या हवेत तरंगू लागतात. दुसरी भानगड गिंपसारख्या ठिकाणी हाताने करणाऱ्यांची. ज्या थरात माणूस अजून आहे त्याच थराला गॉशियन ब्लर दिला की साडीचा जांभळा रंग कडेबाहेर पसरतो आणि भिंतीवर जांभळी वाफ दिसते. तिथे आधी त्या थरातून माणूस काढून ती जागा आजूबाजूच्या भिंतीने भरावी लागते, मगच ब्लर.

आपल्याला मागचं थोडंसंच मऊ हवं आहे, त्यामुळे ब्लरची गरजच नाही. टेक्श्चर २० ते ३० ने कमी आणि क्लॅरिटी १० ते १५ ने कमी. टेक्श्चर बारीक खरखर उतरवतं: चुन्याचे पोपडे, कौलांच्या कडा. क्लॅरिटी मधल्या आकारांमधला उजेड-सावलीचा विरोध कमी करते. कडा जागेवरच राहतात, खिडकी खिडकीच दिसते, पण तिच्यात अडकून राहावं असं काही उरत नाही. क्लॅरिटी फार खाली नेली, पन्नासच्या पुढे, की उजळ भागांभोवती धुक्यासारखी चमक येते आणि ओसरीत कुणी धूप घातलाय असं वाटतं. मग आजींच्या आसपासची जमीन आणि त्या बसल्या आहेत तो पाट या मास्कातून ब्रशने वजा करायचा, पुढे पूर्ण वजा आणि मागे जाताना हळूहळू कमी.

शेवटी चेहऱ्यावर एक छोटा मऊ मास्क, एक्स्पोजर ०.१५ ने जास्त. मागचं आणखी ०.१५ ने उतरवण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं. चेहरा आणि मागची भिंत यांतला फरक तितकाच वाढतो आणि पार्श्वभूमीवर संशय घ्यायला जागा राहत नाही.

मोबाइलवरच्या बऱ्याच साध्या अॅपमध्ये एवढे थर नसतात. स्नॅपसीडमध्ये व्हिनेटऐवजी सिलेक्टिव्ह वापरावं: कॅलेंडरवर बोट टेकवून बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहानमोठं करायचं, आणि ब्राइटनेस व स्ट्रक्चर कमी करायचं. ते साधारण त्याच रंगाच्या जागांनाच धरतं, म्हणून चुन्याच्या भिंतीवर किंवा ड्रमावर छान चालतं. केसांजवळ मात्र बिंदू ठेवू नये.

झालेलं काम तपासायचं कसं? आधीचा आणि नंतरचा फोटो आलटून पालटून पाहणं हा सगळ्यांचा आवडता मार्ग आहे आणि तो फसवा आहे. शेजारी ठेवलं की कुठलाही बदल गोड वाटतो. त्यापेक्षा फोटो तिकिटाएवढा लहान करून पाहावा. लहान आकारात पहिल्यांदा कोपरे किंवा डोक्याभोवतीचं कडं दिसलं तर प्रमाण जास्त झालंय. मग तो आडवा उलटवून पाहावा, डावं उजवीकडे. सवयीची मांडणी मोडली की उजेडाचा असमतोल चटकन खुपतो. आणि सगळे पार्श्वभूमीचे मास्क एकत्र धरून त्यांचा जोर एकदा ३० टक्क्यांनी कमी करून बघावा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तोच आकडा कायम ठेवावा लागतो, कारण तासभर एकाच फोटोकडे बघत बसलेल्या डोळ्याला आपलाच काळोख कमी वाटायला लागतो.

दोन बारीक गोष्टी शंभर टक्के आकारात पाहाव्या लागतात. एक, भिंतीसारख्या सपाट जागेवर उजेडाचा उतार पायऱ्यापायऱ्यांनी दिसतोय का. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. लांबलचक, अगदी हळुवार उतार ताणला की त्या वेगळ्या दिसू लागतात. म्हणून हे काम रॉ फाइलवर करावं, जिथे सहसा १२ किंवा १४ बिट म्हणजे हजारो पायऱ्या असतात. दुसरी, दाणे. टेक्श्चर उतरवलेल्या भागातले दाणेही पुसले जातात आणि आजींच्या चेहऱ्यावर ते तसेच राहतात. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी काढल्यासारखं. अगदी शेवटी संपूर्ण फोटोवर ग्रेन १० ते १५ टाकला की दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

उरली छपाई, आणि इथे स्क्रीनवर नेमकं जमलेलं काम परत बिघडू शकतं. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला फक्त खोलीतला. बारा बाय अठराच्या मॅट प्रिंटवर गडद भाग एकमेकांत मिसळतात, आणि उजवीकडचं सागवानी दार, ज्याला आपण मुद्दाम हात लावला नव्हता, तेही एकसंध काळा पट्टा होऊन बसतं. मोठी ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर चार बाय सहाचा एक तुकडा काढून घ्यावा आणि फोटो जिथे टांगायचा आहे त्या भिंतीवर, तिथल्या रोजच्या उजेडात धरून पाहावा. दाराच्या फळ्यांमधल्या फटी दिसत नसतील तर पार्श्वभूमीच्या मास्कवर शॅडोज १५ ने वर न्यावेत आणि पुन्हा एक छोटा प्रिंट काढावा.